कैचीचा हिशेब: सही करण्याआधी दोन तास कागदावर

सुरतेत उधना, लिंबायत, डिंडोली किंवा पांडेसरा भागात तुम्ही लूमसाठी पत्र्याची शेड बांधायला काढली असेल, तर फॅब्रिकेटर तुम्हाला किलोचा भाव सांगेल, वर जुन्या शेडचा फोटो दाखवून "अशीच कैची लावतो" म्हणेल. भाव पटला की सही होते. कोणत्या अँगलवर किती भार येणार आहे, हे त्या कोटेशनमध्ये कुठेच नसतं. ते तुम्ही स्वतः काढू शकता. साध्या कैचीसाठी आठवी-नववीचं गणित पुरतं. पहिल्यांदा दोनेक तास लागतील, पुढच्या वेळी अर्धा. खर्च कागदाचा.

एक गोष्ट आधीच सांगतो. हा हिशेब इंजिनीअरच्या सहीची जागा घेत नाही. नकाशावर नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनीअरची सही घ्यायचीच. हा हिशेब आहे तो कोटेशन वाचता यावं आणि योग्य प्रश्न विचारता यावेत म्हणून.

काय काय हाताशी हवं

कैचीचं रेखाचित्र, ज्यात प्रत्येक सांध्यापासून सांध्यापर्यंतचं माप अँगलच्या मध्यरेषेवर दिलेलं असेल. दोन कैच्यांमधलं अंतर. पत्रा आणि पर्लिन कोणते, आणि पर्लिन नेमके कुठे बसणार. दोन्ही टोकं कशावर आणि कशी टेकणार. छताला काय काय लटकणार, त्याची यादी. आणि प्रत्येक तुकड्याचा अँगल कोणता, त्याची यादी. शेवटच्या दोन याद्या सहसा मिळत नाहीत. त्या लेखी मागा. छतावर धरायच्या भारांसाठी आय.एस. ८७५ आणि लोखंडासाठी आय.एस. ८०० ही मानकं भारतीय मानक ब्यूरोच्या संकेतस्थळावर खातं उघडून मोफत उतरवता येतात. त्यांच्यासाठी कोणाला पैसे देऊ नका.

उदाहरणाला लूमच्या लहान शेडची कैची घेऊ. गाळा ६ मीटर, मधली उंची १.२५ मीटर, दोन कैच्यांमधलं अंतर ३ मीटर. डावं टोक अ, उजवं ब, शिखर क. डाव्या राफ्टरच्या मध्यावर ड, उजव्याच्या मध्यावर फ, खालच्या टायच्या मध्यावर इ. शिखरापासून खाली क-इ हा उभा तुकडा, आणि इ पासून दोन्हीकडे ड-इ आणि फ-इ हे तिरपे टेकू. अर्धा गाळा ३, उंची १.२५, म्हणून राफ्टर ३.२५ मीटर, हा ५-१२-१३ चा त्रिकोण. तिरप्या तुकड्यातल्या बळाचा ५/१३ भाग उभा आणि १२/१३ भाग आडवा. टेकूंचा उतारही तोच, त्यामुळे सगळ्या हिशेबात हे दोनच अपूर्णांक लागतात.

आकडेमोडीआधी एक मोजणी करा. तुकडे ९, त्यात आधारांचे ३ मिळवा, १२ होतात. सांधे ६, त्यांची दुप्पटही १२. दोन्ही जुळले की या आकाराच्या कैचीला सांध्यासांध्याची पद्धत चालते. फॅब्रिकेटरने "मजबुतीसाठी" एखादा जादा आडवा तुकडा टाकला, तर तुकडे १० होतात आणि कागदावरचा साधा हिशेब तिथे थांबतो. कैची त्याने वाईट ठरत नाही, पण मग हिशेब संगणकावर करणारा माणूस लागतो. तो खर्च कोणाचा, हे आधीच ठरवा.

भार आणि आधारांच्या प्रतिक्रिया

पत्रा, पर्लिन आणि कैचीचं स्वतःचं वजन मिळून दर चौरस मीटरला २५ किलो धरा. माणूस चढण्याचा वगैरे भार मानकाप्रमाणे: दहा अंशांच्या उतारापर्यंत ७५ किलो, पुढे दर अंशाला २ किलो कमी, पण ४० च्या खाली नाही. आपला उतार साडेबावीस अंशांच्या आसपास, म्हणजे ५० किलो. पंखे, दिवे, वायरिंगला १५. एकूण ९०. मधल्या प्रत्येक सांध्याच्या वाट्याला दीड मीटर गुणिले ३ मीटर छत येतं, म्हणजे साधारण ४०० किलो. १०० किलोला १ किलोन्यूटन धरलं तर ४ किलोन्यूटन. टोकाच्या सांध्यांना अर्धं, २. यापुढचे बळाचे आकडे किलोन्यूटनमध्येच आहेत.

ड, क, फ वर ४-४, अ आणि ब वर २-२, एकूण १६. दोन्ही बाजू सारख्या, म्हणून प्रत्येक आधार ८ उचलतो. भार सारखे नसले तर अ भोवती घूर्ण घ्या: प्रत्येक भार गुणिले त्याचं अ पासूनचं आडवं अंतर, सगळ्यांची बेरीज, भागिले ६. आली ब ची प्रतिक्रिया. एकूण भारातून ती वजा केली की अ ची.

इथे एक गृहीत आहे, ते प्रत्यक्षात पाळलं जातं का ते बघा. हिशेबात एक टोक पक्कं असतं आणि दुसरं आडवं सरकू शकतं. दोन्ही टोकं कॉलमला वेल्ड केली तर आडव्या प्रतिक्रिया दोन होतात आणि या पद्धतीने त्या निघत नाहीत. ६ मीटर लोखंड ३० अंशांच्या फरकाला सुमारे २ मिलिमीटर वाढतं. सुरतेच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली एवढा फरक सहज पडतो. एका टोकाच्या बेसप्लेटला लांबट भोक ठेवायला सांगा. त्याला वेगळा खर्च लागत नाही.

सांधा सोडवायचा कसा

प्रत्येक सांधा स्थिर आहे, म्हणून त्याच्यावरची उभी बळं मिळून शून्य आणि आडवी बळं मिळून शून्य. समीकरणं दोनच, त्यामुळे दोनपेक्षा जास्त अनोळखी बळं असलेल्या सांध्याला हात लावायचा नाही. म्हणून सुरुवात टोकापासून. ड किंवा क पासून सुरुवात केलीत तर तीन अनोळखी बळांत अडकाल.

सांधा अ. आधार वर ८ ढकलतो, छत खाली २ दाबतं, उरले वर ६. टाय आडवा आहे, तो उभं काही घेत नाही. म्हणून हे ६ अ-ड राफ्टरनेच घ्यायचे: ६ गुणिले १३/५, म्हणजे १५.६ दाब. त्याचा आडवा भाग १४.४. तो अ-इ टायने ओढून धरायचा: १४.४ ताण.

सांधा ड. खालून अ-ड चा १५.६ दाब येतो, वरून ४ चा भार. अनोळखी डक आणि डइ, दोन्ही दाबात आहेत असं धरू. आडव्या समीकरणात १२/१३ सगळीकडे आहे, तो कटतो:

डक + डइ = १५.६

उभ्या समीकरणात वर ६ आणि खाली ४, फरक २. तो १३/५ ने गुणला की ५.२:

डक − डइ = ५.२

म्हणून डक १०.४ दाब, डइ ५.२ दाब. उत्तर उणे आलं असतं तर तो तुकडा दाबात नसून ताणात आहे एवढाच अर्थ. परत सुरुवात करायची गरज नाही. फक्त उणे चिन्ह पुढच्या सांध्यात तसंच घेऊन जा.

सांधा क. दोन्ही राफ्टर शिखराला वर ढकलतात, प्रत्येकी १०.४ गुणिले ५/१३, म्हणजे ४. दोघांचे ८. वरून भार ४. उरलेले ४ क-इ ने खाली ओढायचे: ४ ताण. उभा तुकडा बघून तो खांबासारखा छत तोलून धरतो असं वाटतं. तो प्रत्यक्षात टायचा मध्य वर ओढून धरतो.

उजवी बाजू डावीसारखीच, म्हणून अर्धं काम वाचलं. पण सांधा इ सोडू नका, तो पडताळणीचा. क-इ त्याला वर ४ ओढतो, दोन टेकू खाली २-२ दाबतात. जुळलं.

ही पडताळणी काय पकडते बघा. समजा टोकावरचे २ वजा करायचे राहिले आणि अ वर पूर्ण ८ धरले. मग अ-ड येतो २०.८, डक १५.६, क-इ ८. प्रत्येक पायरी दिसायला बरोबर. इ वर आलात की वर ८, खाली ४. नेमका ४ चा फरक, म्हणजे दोन्ही टोकांचे विसरलेले २-२. आधारावरचा भार राफ्टरमध्ये न शिरता थेट भिंतीत जातो, हेही यातून कळतं.

आता अँगलची यादी काढा

समजा यादीत सगळीकडे ५० × ५० × ६ चा एकेरी अँगल आहे. वजन मीटरला ४.५ किलो, छेद ५६८ चौरस मिलिमीटर. टायमध्ये १४.४ चा ताण म्हणजे चौरस मिलिमीटरला २५ न्यूटन. साधं लोखंड २५० ला वाहू लागतं. ताणाच्या तुकड्यांची काळजी नको, त्यांचं वेल्डिंग तेवढं बघा.

दाबाचे तुकडे वेगळे. ते चिरडण्याआधी बाजूला लचकतात, आणि लचकणं लांबीवर असतं. तुकड्याची लांबी भागिले अँगलची सर्वांत लहान जायरेशन त्रिज्या हा आकडा नेहमीच्या भाराच्या दाबाला १८० च्या वर जाऊ नये, असं आय.एस. ८०० सांगतं. ही त्रिज्या अँगलच्या तक्त्यात मिळते. ५० × ५० × ६ ला ती ९.६ मिलिमीटर, टेकू १६२५ मिलिमीटरचा, भागाकार १६९. चाललं. टेकूत फक्त ५.२ आहे म्हणून तिथे ४० × ४० × ५ सुचवला जाईल. त्याची त्रिज्या ७.७, पूर्ण लांबी धरली तर भागाकार २११. नको म्हणा. दोन्ही टेकू मिळून एका कैचीत वाचतं जेमतेम ५ किलो लोखंड.

वजनही इथेच तपासा. राफ्टर ६.५, टाय ६, टेकू ३.२५, उभा १.२५, एकूण १७ मीटर, म्हणजे ७६.५ किलो. गसेट प्लेट, क्लीट, बेसप्लेट वेगळे. कोटेशनमधला आकडा याच्या बराच वर असेल तर फरकाची यादी मागा. बराच खाली असेल तर अँगल बारीक आहे. ठरवताना वजन काट्यावरचं की तक्त्यातलं, आणि कापून उरलेला माल कोणाचा, हे लिहून घ्या.

छुपे खर्च

चेन पुली. लूमच्या शेडमध्ये ती नंतर येते आणि हिशेबात नसते. दाराजवळ, उजव्या राफ्टरच्या फ सांध्याला अर्ध्या टनाची पुली लावली. तिचं वजन आणि उचलतानाचा झटका धरून ६ घ्या. हा एकच भार वेगळा सोडवा आणि आधीच्या उत्तरात मिळवा. ही बेरीज बिनधास्त चालते. फ हा अ पासून ४.५ मीटरवर, म्हणून ब ची प्रतिक्रिया ६ गुणिले ४.५ भागिले ६, म्हणजे ४.५, अ ची १.५. इथे बाजू सारख्या नाहीत, अर्ध्या कामाची सवलत नाही. ब कडूनही सोडवा. अ-ड मध्ये ३.९. सांधा ड वर आता भार नाही, दोन राफ्टर एका रेषेत, तिसरा एकटा टेकू, त्यात शून्य. फ-ब मध्ये मात्र ११.७, फ-इ टेकूत ७.८, उभ्यात ३ ताण.

बेरीज करा. फ-ब राफ्टर १५.६ वरून २७.३ वर गेला. उजवा टेकू ५.२ वरून १३ वर, म्हणजे अडीचपट. आता ५० च्या एकेरी अँगलला १६९ च्या भागाकारावर मानकाच्या तक्त्यातून मिळतात सुमारे ४८ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर, म्हणजे एकूण २७. आपल्या भाराला सुरक्षेसाठी दीडपट करायचं असतं. पुली नसताना राफ्टरचे १५.६ होतात २३.४: बसतात. पुली लावल्यावर २७.३ होतात ४१: बसत नाहीत. शिवाय हे २७ अँगल मधोमध दाबला जातो असं धरून आहेत. एकाच पायाला वेल्ड केलेला अँगल त्याहूनही कमी घेतो, म्हणून पुली नसतानाचा राफ्टरही कडेवरच आहे. राफ्टरला पाठीला पाठ लावून दोन अँगल मागा, आणि पुलीचा विचार असेल तर आजच सांगा. आणि डाव्या टेकूत पुलीमुळे शून्य आलं म्हणून तो काढता येत नाही; छताचा भार त्याच्यावर आहेच.

सांध्यांच्या मधला पर्लिन. आपल्या कैचीत पर्लिन १.६२५ मीटरवर येतात. पातळ पत्रा घेतला तर तेवढं अंतर त्याला झेपत नाही, म्हणून मध्ये आणखी एक पर्लिन टाकला जातो, थेट राफ्टरच्या मध्यावर. सांध्यासांध्याच्या पद्धतीत सगळे भार सांध्यांवरच असतात. हा भार त्यात दिसतच नाही. मध्यावर २ चा भार आला आणि राफ्टरचा तुकडा दोन टोकांवर टेकलेला धरला, तर वाकण्यामुळे ५० च्या अँगलमध्ये चौरस मिलिमीटरला सुमारे २०० न्यूटन येतात. दाबामुळे आलेले होते अवघे २७. जिथे पर्लिन तिथे सांधा, नाहीतर राफ्टर भक्कम, यातलं एक लिहून घ्या. जुन्या शेडमध्ये हे ओळखायचं तर राफ्टरला सांध्या-सांध्यांत दोरी लावून बघा. मध्ये पोट सुटलेलं दिसतं.

उंची कमी करणं. "छप्पर जरा बसकं घेऊ, पत्रा वाचेल" असं सुचवलं जातं. १.२५ ची उंची निम्मी, ०.६२५ केली तर राफ्टर ३.२५ वरून ३.०६ वर येतो. दोन्हीकडचे मिळून वाचतात ३७ सेंटीमीटर. टायमधला ताण मात्र १४.४ वरून २८.८ होतो, आणि उतार कमी झाल्याने माणूस चढण्याचा धरायचा भारही वाढतो. उंची नकाशावर आकड्यात लिहून घ्या आणि कैची चढवण्याआधी जमिनीवरच टेपने मोजा.

वारा. सुरतेसाठी मानकात मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ४४ मीटर आहे. त्याचा वर्ग गुणिले ०.६, म्हणजे चौरस मीटरला सुमारे ११६० न्यूटन, किलोन्यूटनमध्ये १.१६. छपरावरची ओढ आणि आतून ढकलणं मिळून गुणांक १ धरला आणि छताचं स्वतःचं ०.२५ वजा केलं, तर निव्वळ उचल ०.९. एका सांध्याला साडेचार चौरस मीटर, म्हणजे ४, पण वरच्या दिशेने. हा हिशेब ढोबळ आहे, वारा उताराला काटकोनात ओढतो आणि इंजिनीअर तो नीट धरेल. पण अर्थ स्पष्ट आहे: वर काढलेले सगळे आकडे तेच राहतात आणि चिन्हं उलटतात. टायमध्ये १४.४ चा दाब येतो. ३ मीटर लांबीच्या एकेरी अँगलचा भागाकार ३१२ होतो. एवढा दाब तो पेलत नाही. टायला दुहेरी अँगल, आणि इ सांध्यापाशी सगळ्या कैच्यांना जोडणारा आडवा रनर, हे दोन्ही यादीत असू द्या. रनर कोटेशनमध्ये नसेल तर तो नंतर "एक्स्ट्रा" म्हणून बिलात येतो.

त्याच वाऱ्यात प्रत्येक टोक ८ ने वर ओढलं जातं, म्हणजे ८०० किलो. बेसप्लेटचे बोल्ट नुसते भिंतीवरच्या पट्टीत रोवलेले असतील तर ते भिंतीचा वरचा थर घेऊन येतील. बोल्ट कॉलमच्या काँक्रीटमध्ये किती खोल जाणार, त्याचं टोक वाकवलेलं आहे का आणि ओतकाम कोण करणार, फॅब्रिकेटर की गवंडी, हे कोटेशनच्या शेवटच्या ओळीत लिहून घ्या. हे काम दोघंही एकमेकांवर ढकलतात, आणि काँक्रीट ओतून झाल्यावर बोल्ट बसवायचा म्हणजे भोक पाडून रसायन भरायचा खर्च तुमच्यावर येतो.